खडकातल्या चुंबकत्वावरून जुना अक्षांश: दक्खनच्या बेसाल्टचे एक सोडवलेले उदाहरण

प्रश्न: "खडकांतल्या चुंबकीय खुणांवरून खंड उत्तर-दक्षिण सरकले असे सांगतात. पण एका दगडावरून अक्षांश नेमका कसा काढतात? खंड सरकण्याऐवजी चुंबकीय ध्रुवच सरकला असेल, हे कशावरून नाकारायचे? आणि एकाच काळातल्या खडकांसाठी वेगवेगळ्या लेखांत दहा-दहा अंशांनी वेगळे अक्षांश का दिसतात?"

आधी कोनाबद्दल. होकायंत्राची सुई आपण नेहमी आडव्या पातळीत फिरताना पाहतो, पण ती मध्यावर मोकळी टांगली तर ती उत्तरेकडे वळतेच, शिवाय क्षितिजाच्या खाली किंवा वर झुकतेही. हा झुकाव म्हणजे नती. विषुववृत्तावर नती शून्याच्या जवळ असते, उत्तर गोलार्धात सुईचे उत्तर टोक खाली झुकते, दक्षिण गोलार्धात ते वर उचलले जाते आणि ध्रुवावर सुई उभी राहते. पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र हे पृथ्वीच्या केंद्राशी, परिवलनाच्या अक्षाला समांतर ठेवलेल्या एका चुंबकाचे क्षेत्र आहे असे मानले, तर नती I आणि अक्षांश λ यांचे नाते अगदी साधे निघते:

tan I = 2 tan λ

म्हणजे १८ अंश अक्षांशावर नती ३३ अंश असायला हवी, ४५ अंशांवर सुमारे ६३ अंश. खडकाने तयार होताना जी नती धरून ठेवली ती मोजता आली, तर त्या वेळी तो कोणत्या अक्षांशावर होता हे या सूत्राने कळते. दुसरा कोन म्हणजे दिक्पात, अर्थात सुई भौगोलिक उत्तरेपासून आडव्या पातळीत किती वळलेली आहे तो कोन. त्यावरून अक्षांश कळत नाही, पण त्या भूखंडाने स्वतःभोवती किती गिरकी घेतली हे कळते.

या सूत्रामागे एक गृहीतक आहे आणि तुमच्या दुसऱ्या शंकेचा अर्धा भाग त्याच्याशीच जोडलेला आहे. कोणत्याही एका क्षणी चुंबकीय ध्रुव भौगोलिक ध्रुवावर नसतो. तो त्याच्याभोवती भटकत असतो आणि एखाद्या ठिकाणी टिपलेल्या क्षणिक दिशेवरून काढलेला ध्रुव खऱ्या अक्षापासून दहा-वीस अंश दूर पडणे अगदी सामान्य आहे. मात्र हे भटकणे शतकांच्या आणि काही हजार वर्षांच्या मापाचे आहे. गेल्या पन्नास लाख वर्षांतल्या, जगभरातल्या लाव्हांच्या नोंदी एकत्र करून सरासरी काढली की तो सरासरी ध्रुव भौगोलिक ध्रुवाच्या अगदी जवळ येतो, आणि इतक्या अलीकडच्या काळात खंड फारसे हललेले नसल्यामुळे ही तपासणी विश्वासार्ह आहे. म्हणून आमच्या कामात अक्षांश कधीही एका दगडावरून काढत नाहीत. काही हजार वर्षांचा काळ सामावून घेणाऱ्या अनेक नोंदींच्या सरासरीवरून तो काढतात. एका दगडावरून जो निघतो तो एका क्षणाचा आभासी ध्रुव, आणि त्याला अक्षांश समजणे ही या विषयातली सर्वांत सहज होणारी गल्लत आहे.

आता हे सगळे एका ठोस उदाहरणावर पाहू. मी दक्खनच्या बेसाल्टचे उदाहरण घेतो, कारण त्याचे वय नीट ठाऊक आहे, थर जवळजवळ आडवे आहेत आणि उत्तर इतके मोठे येते की ते चुकांच्या मर्यादेत विरून जात नाही. १९५६ साली क्लेग, डॉइच आणि ग्रिफिथ्स यांनी या खडकांचे चुंबकत्व प्रसिद्ध केले, तेव्हापासून हे उदाहरण या वादाच्या केंद्रस्थानी राहिलेले आहे.

लाव्हा अकराशे अंश सेल्सिअसच्या आसपास बाहेर येतो. तो घट्ट होतो तेव्हाही त्यातले लोहाचे खनिज, म्हणजे मुख्यतः मॅग्नेटाइट आणि टायटॅनियममिश्रित मॅग्नेटाइट, चुंबकीयदृष्ट्या स्वस्थ झालेले नसते. शुद्ध मॅग्नेटाइट ५८० अंशांच्या खाली उतरल्यावर चुंबकीय होते, टायटॅनियम जास्त असेल तर आणखी खाली. त्यानंतरही प्रत्येक कणाचे असे एक तापमान असते की ज्याच्या खाली त्याची दिशा गोठते. बारीक कणांत ही दिशा अब्जावधी वर्षे टिकू शकते, मोठ्या कणांत ती सहज ढळते. येथे ध्यानात ठेवण्यासारखी गोष्ट अशी की दिशा गोठते तेव्हा खडक आधीच घन झालेला असतो, त्यामुळे लाव्हा वाहताना झालेली ढवळाढवळ या नोंदीत शिरत नाही. शिवाय एक प्रवाह थंड होण्याचा काळ भूशास्त्रीय मापाने इतका छोटा असतो की संपूर्ण प्रवाह ही क्षेत्राची एकच क्षणिक नोंद धरावी लागते.

यातूनच नमुने घेण्याची पद्धत ठरते. एका प्रवाहातून सहा ते आठ नमुने घेतले जातात, पण त्या सगळ्यांची मिळून किंमत एक. त्याच प्रवाहातून पन्नास नमुने काढले तर त्या एका क्षणाची दिशा अधिक नेमकी कळेल, अक्षांश मात्र अधिक नेमका होणार नाही. त्यासाठी एकावर एक असलेले अनेक प्रवाह हवेत, आणि दोन प्रवाहांमध्ये पुरेसा काळ गेलेला हवा. दक्खनमध्ये काही प्रवाहांच्या मध्ये तांबड्या मातीसारखे थर सापडतात. खालच्या प्रवाहाचा पृष्ठभाग काही काळ उघडा राहून झिजला होता याची ती खूण आहे, आणि असे थर दिसले की आम्हाला हायसे वाटते. याउलट लागोपाठ आलेल्या चार-पाच प्रवाहांची दिशा जवळजवळ तीच निघाली, तर ते एकाच छोट्या कालखंडात ओतले गेले असावेत असे धरून त्यांना एकत्र करून एकच नोंद मोजावी लागते. असे केले नाही तर आकडेवारी खोट्या अचूकतेची होते.

नमुना काढण्याचे यंत्र हातात धरून चालवण्याचे असते. त्याच्या टोकाला हिरेजडित पोकळ नळी असते आणि पाण्याचा मारा करत अडीच सेंटिमीटर व्यासाचा दगडाचा दंडगोल कापला जातो. तो मुळापासून तोडण्याआधी त्यावर पितळी नळी बसवून त्याचा कल आणि दिशा मोजतात आणि दगडावर रेघ ओढतात. बेसाल्ट स्वतःच चुंबकीय असल्यामुळे होकायंत्र त्याच्याजवळ नेले की सुई काही अंशांनी, कधी त्याहून बरीच जास्त, भरकटते. म्हणून सूर्य दिसत असेल तेव्हा सूर्यकंपास वापरतात. एका बारीक काडीची सावली कोणत्या अंशावर पडली आणि त्या क्षणी वेळ किती होती हे लिहून ठेवले, तर त्या दिवशीच्या सूर्याच्या स्थानावरून खरी उत्तर दिशा काढता येते. दिवसभराचे आकडे संध्याकाळी ताडून पाहिले आणि एखाद्या ठिकाणी दोन्ही कंपासांत मोठा फरक निघाला, तर बहुधा तिथे कधीतरी वीज पडलेली असते. विजेचा प्रवाह खडकातून जाताना इतके प्रबळ क्षेत्र निर्माण करतो की जुनी नोंद मोठ्या प्रमाणात पुसली जाते. अशा नमुन्यांचे चुंबकत्व शेजाऱ्यांच्या मानाने फार तीव्र असते आणि दिशा वाटेल तशा विखुरलेल्या असतात, त्यामुळे ते ओळखता येतात. उघड्या माथ्यांवर हा त्रास जास्त, रस्त्यासाठी नव्याने कापलेल्या कड्यांत कमी.

प्रयोगशाळेत आणलेला नमुना प्रथम जसाच्या तसा मोजला तर जी दिशा मिळते, ती जवळजवळ कधीच मूळची नसते. हे आकड्यांतच पाहणे चांगले, कारण इथेच बाहेरच्या वाचकाचा विश्वास डळमळतो आणि इथेच त्याचे समाधानही होऊ शकते.

दक्खनच्या पश्चिमेकडील बहुतेक खालचे प्रवाह पृथ्वीचे क्षेत्र उलटे असताना, म्हणजे सुईचे उत्तर टोक दक्षिणेकडे वळले असते अशा काळात, ओतले गेले. त्यांची मूळ दिशा, थोडी पुढची गोष्ट आधीच सांगतो, उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने सुमारे १५५ अंशांवर, म्हणजे दक्षिण-आग्नेयेकडे आणि ४८ अंश खाली अशी आहे. पण गेली पावणेआठ लाख वर्षे पृथ्वीचे क्षेत्र आजच्यासारखे सरळ आहे, आणि त्या काळात खडकातल्या कमकुवत कणांनी हळूहळू आजच्या क्षेत्राची दिशा उचललेली असते. १८ अंश उत्तरेला ती उत्तरेकडे, ३३ अंश खाली असते. समजा या नव्या थराची तीव्रता मूळ चुंबकत्वाच्या निम्मी आहे. दोन्हींची बेरीज केली तर काय होते? आडवे घटक बऱ्याच अंशी विरुद्ध दिशांना असल्यामुळे एकमेकांना खातात. उभे घटक दोन्ही खालच्याच दिशेला असल्यामुळे ते मिळून वाढतात. परिणामी मोजलेली नती ४८ न येता सुमारे ७१ अंश येते, आणि सूत्रात ती घातली तर अक्षांश ५६ अंशांच्या आसपास निघतो. खरा अक्षांश २९ अंश असताना! म्हणजे जसाच्या तसा मोजलेल्या नमुन्यावरून काढलेले उत्तर थोडेथोडके चुकीचे नसते, ते पार दुसऱ्या हवामानपट्ट्यात नेऊन सोडते.

हा नवा थर काढून टाकण्याला विचुंबकन म्हणतात, आपसात आम्ही त्याला नमुना धुणे म्हणतो. नमुना बाहेरचे क्षेत्र अडवलेल्या जागेत ठेवून त्याला प्रत्यावर्ती क्षेत्र देतात, आधी ५ मिलिटेस्ला, मग १०, १५, २० असे वाढवत १०० पर्यंत. प्रत्येक पायरीनंतर नमुना पुन्हा मोजतात. त्याच प्रवाहाचे काही नमुने तापवूनही धुतात, १०० अंशांपासून ५८० च्या पुढेपर्यंत टप्प्याटप्प्याने. कमकुवत कण आधी मोकळे होतात, पक्के कण शेवटपर्यंत टिकतात. मोजमापे आलेखावर मांडली की पहिल्या काही पायऱ्यांत बिंदू एका दिशेने सरकताना दिसतात, ती निघून जाणारी आजच्या क्षेत्राची छाप असते. चांगल्या नमुन्यात साधारण १५ ते २० मिलिटेस्लानंतर बिंदूंची रेघ वळण घेते आणि तिथून पुढे सरळ आलेखाच्या मूळबिंदूकडे जाते. याचा अर्थ उरलेल्या चुंबकत्वाची दिशा आता बदलत नाही, केवळ त्याचे परिमाण कमी होत आहे. या सरळ रेघेची दिशा ही आपली नोंद. रेघ मूळबिंदूला चुकवून जात असेल किंवा शेवटपर्यंत वळतच राहत असेल, तर तो नमुना बाजूला ठेवायचा. प्रत्यावर्ती क्षेत्राने आणि उष्णतेने धुतलेल्या भावंड नमुन्यांची उत्तरे जुळतात का, हेही पाहायचे.

टिकून राहिलेली दिशा जुनी आहे हे मान्य, पण ती खडकाच्या जन्माइतकी जुनी आहे कशावरून? याला अनेक क्षेत्रीय कसोट्या आहेत. मी दोनच सांगतो. पहिली भाजलेल्या थराची. लाव्हाचा प्रवाह मातीच्या थरावर पसरला की त्याच्या खालची माती तापते आणि थंड होताना लाव्हाबरोबरच त्या वेळचे क्षेत्र टिपते. दोघांची दिशा सारखी, पण उष्णता न पोहोचलेल्या खोल थराची वेगळी असेल, तर लाव्हाची नोंद मूळची आहे. १९०६ साली बर्नार ब्र्यून यांनी फ्रान्समध्ये उलट दिशेचे चुंबकत्व ओळखले, तेव्हा लाव्हा आणि त्याखालची भाजलेली माती यांच्या या जुळणीनेच ते लाव्हाच्या रसायनाचा खेळ नसून क्षेत्राचाच उलटा प्रवास आहे असे मानायला आधार दिला. दुसरी कसोटी सरळ आणि उलट प्रवाहांच्या तुलनेची. दक्खनमध्ये उलट प्रवाहांच्या वर सरळ क्षेत्रात ओतलेले प्रवाह येतात. धुणे पुरेसे झाले असेल तर दोन गटांच्या सरासरी दिशा एकमेकींच्या बरोबर विरुद्ध, १८० अंशांवर यायला हव्यात. आजच्या क्षेत्राचा थोडा जरी अंश शिल्लक असेल तर तो दोन्ही गटांना एकाच, म्हणजे आजच्या क्षेत्राच्या दिशेकडे ओढतो आणि जुळणी बिघडते. ही कसोटी मला सर्वांत जास्त पटते, कारण तिच्यात लबाडीला वाव राहत नाही.

इतके झाल्यावर दक्खनचे उत्तर असे येते. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित विश्लेषणात या प्रवाहांचा सरासरी ध्रुव आजच्या ३७ अंश उत्तर अक्षांश आणि २८१ अंश पूर्व रेखांशावर पडतो, म्हणजे आजच्या अमेरिकेच्या पूर्व भागात, आणि त्याची अनिश्चितता अडीच अंशांच्या आत आहे. महाबळेश्वरच्या ठिकाणी याचा अर्थ उलट प्रवाहांत दिक्पात १५५ आणि नती खाली ४८ अंश, सरळ प्रवाहांत दिक्पात ३३५ आणि नती वर ४८ अंश. ४८ चा टॅन १.११, त्याचा निम्मा ०.५५५, आणि तो २९ अंशांचा टॅन आहे. आज हे ठिकाण १८ अंश उत्तरेला आहे. मधले अंतर ४७ अंशांचे, म्हणजे सुमारे ५,२०० किलोमीटर. हे प्रवाह सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचे आहेत, तेव्हा उत्तरेकडे जाण्याचा सरासरी वेग वर्षाला सुमारे ८ सेंटिमीटर येतो. ही सरासरी आहे. आशियाशी टक्कर होण्याआधी वेग याहून बराच जास्त होता, नंतर तो खूप मंदावला. दिक्पात सांगतो की याच काळात भारत घड्याळाच्या उलट दिशेने सुमारे २५ अंश फिरला.

चौकस वाचक इथे अडवेल, आणि त्याने अडवावेच. २९ अंश ठीक, पण दक्षिणच कशावरून? खाली झुकलेली नती तर उत्तर गोलार्धाची. खडक स्वतः याचे उत्तर देऊ शकत नाही. "उलटे क्षेत्र, दक्षिण गोलार्ध, २५ अंशांची गिरकी" आणि "सरळ क्षेत्र, उत्तर गोलार्ध, १५५ अंशांची गिरकी" या दोन्ही वाचनांतून तीच मोजमापे निघतात. सुटका करायची तर दुसऱ्या वयाचे खडक हवेत, आणि ते पूर्व भारतातल्या राजमहल टेकड्यांत आहेत. तिथला लाव्हा सुमारे ११.७ कोटी वर्षांपूर्वीचा. सुमारे १२ कोटी ते ८.३ कोटी वर्षांपूर्वीचा काळ असा होता की त्यात पृथ्वीचे क्षेत्र जवळजवळ सलग सरळच राहिले. हे समुद्रतळावरच्या चुंबकीय पट्ट्यांवरून स्वतंत्रपणे ठाऊक आहे. त्यामुळे राजमहलच्या बाबतीत सरळ की उलट हा प्रश्नच उरत नाही. तिथली नती सुमारे ६४ अंश वर आहे आणि दिशा वायव्येकडे. सरळ क्षेत्रात सुई वर उचललेली, म्हणजे ठिकाण दक्षिण गोलार्धात, अक्षांश ४५ अंशांच्या थोडा पलीकडे. दक्खनच्या काळी हेच राजमहलचे ठिकाण २७ अंश दक्षिणेला होते असे मानले की वाट सलग लागते: ४६ दक्षिण, मग २७ दक्षिण, आज २५ उत्तर, आणि गिरकीही हळूहळू एकाच दिशेने. दुसरे वाचन घेतले तर भारताने राजमहल आणि दक्खन यांच्यामधल्या पाच कोटी वर्षांत विषुववृत्त ओलांडून जवळजवळ पूर्ण उलटे वळायला हवे आणि त्यानंतर पुन्हा तितकेच उलटे फिरून आजच्या जागी यायला हवे. दोन वाचनांतला निर्णय असा सलगतेवर होतो, एका खडकाच्या साक्षीवर नाही.

आता ध्रुवाच्या प्रश्नाकडे. केवळ भारताचे खडक हाती असते तर तुमची शंका खोडून काढता आली नसती. ध्रुव खरोखरच आजच्या उत्तर अमेरिकेवर होता आणि भारत जागचा हललाच नाही, असे म्हणणाऱ्याला त्या आकड्यांतूनच उत्तर देता येत नाही. म्हणून दुसऱ्या खंडाला विचारावे लागते. स्कॉटलंडच्या पश्चिमेकडच्या बेटांवरचा लाव्हा सुमारे सहा कोटी वर्षांपूर्वीचा आहे, म्हणजे दक्खनपेक्षा फक्त काही दशलक्ष वर्षांनी तरुण. त्याचा ध्रुव आजच्या ७५ ते ८० अंश उत्तरेच्या पट्ट्यात, सायबेरियाच्या उत्तर-पूर्वेच्या बाजूला येतो. त्यानुसार आज ५६ अंशांवर असलेली ही बेटे तेव्हा ४५ अंशांच्या आसपास होती. हा ध्रुव आणि दक्खनचा ध्रुव यांच्यातले कोनीय अंतर पन्नास अंशांहून अधिक आहे. पृथ्वीला एका वेळी असे दोन अक्षीय ध्रुव असू शकत नाहीत, आणि मधल्या काही दशलक्ष वर्षांत ध्रुवाने इतकी उडी घेतली म्हणावे, तर स्कॉटलंडच्या आणि भारताच्या आधीच्या व नंतरच्या खडकांतही ती एकाच वेळी दिसायला हवी. ती दिसत नाही. दोन्ही ध्रुव एका जागी आणायचे तर दोन भूखंडांना एकमेकांच्या सापेक्ष हलवण्यावाचून मार्ग नाही.

एक प्रामाणिक बारकावा इथे सांगायलाच हवा. पृथ्वीचे सगळे बाह्य कवच अक्षाच्या सापेक्ष एकत्र सरकणे शक्य आहे, आणि भूतकाळात ते काही प्रमाणात घडल्याचे मत अनेक संशोधक मांडतात. तसे झाले तर सगळ्या खंडांचे ध्रुव एकत्र सरकतात, त्यांच्यातले अंतर बदलत नाही. त्यामुळे एका खंडाच्या अक्षांशातल्या बदलाचा काही भाग या सामूहिक सरकण्याचा असू शकतो. भारत आणि युरोप यांच्या ध्रुवांतला पन्नासहून अधिक अंशांचा फरक मात्र त्याने समजावता येत नाही, कारण तो सापेक्ष फरक आहे. १९५० च्या दशकात युरोप आणि उत्तर अमेरिका यांच्या ध्रुवांचे मार्ग शेजारी मांडले गेले, तेव्हाही मुद्दा नेमका हाच होता. दोन्ही मार्गांचा आकार सारखा, पण ते एकमेकांपासून बाजूला सरकलेले, आणि अटलांटिक महासागर कागदावर मिटवला की जवळजवळ एकावर एक बसणारे.

शेवटी दहा अंशांच्या फरकाबद्दल. याचे कारण परिस्थितीवर अवलंबून असते, पण माझ्या अनुभवात सर्वांत आधी पाहण्याची गोष्ट म्हणजे खडक लाव्हाचा आहे की गाळाचा. लाल वालुकाश्म किंवा मृदाश्म यांत चुंबकीय कण पाण्यातून खाली बसतात आणि वर साचणाऱ्या गाळाच्या वजनाखाली दबतात. त्यात लांबट, चपटे कण आडवे होतात आणि नोंदलेली नती खऱ्या नतीपेक्षा कमी होते. प्रयोगांत आणि प्रत्यक्ष खडकांतही नतीचा टॅन मूळच्या ०.४ ते ०.७ पट इतका कमी झाल्याचे आढळते. दक्खनच्या काळी, दक्खनच्याच जागी साचलेल्या गाळाची कल्पना करा आणि हे प्रमाण ०.६ धरा. ४८ अंशांची नती ३४ अंश होईल, आणि त्यावरून अक्षांश २९ ऐवजी १८ ते १९ अंश निघेल. तुम्ही पाहिलेला दहा अंशांचा फरक बसला! शिवाय ही चूक नेहमी विषुववृत्ताकडेच ओढणारी असते, त्यामुळे कितीही जास्त नमुने घेतले तरी ती सरासरीत विरत नाही. गाळाच्या खडकांचे आकडे वाचताना ही दुरुस्ती केली आहे का, आणि कोणत्या पद्धतीने, हे आधी शोधा.

दुसरे कारण थरांचा कल. मोजलेली दिशा खडक आडवा असतानाची करून घ्यावी लागते. दक्खनच्या बहुतेक भागात थर जवळजवळ आडवे असल्याने हा प्रश्न छोटा आहे, पण वळ्या पडलेल्या पर्वतरांगांत काही अंशांची चूक सहज शिरते. ४८ अंश नतीच्या आसपास नतीतली ५ अंशांची चूक अक्षांशात सुमारे ४ अंशांची होते, विषुववृत्ताजवळ ती निम्म्यावर येते आणि ध्रुवांजवळ जवळजवळ दुप्पट होते. तिसरे कारण मी वर सांगितलेच आहे: प्रवाह थोडे आणि लागोपाठचे. ज्या लेखात प्रवाहांची संख्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहे, पण अनिश्चितता एक-दोन अंशांची दिली आहे, तिथे मी त्या अनिश्चिततेवर विसंबत नाही.

एका गोष्टीची अपेक्षा मात्र या पद्धतीकडून ठेवू नका. तिच्यातून रेखांश निघत नाही. अक्षीय चुंबकाचे क्षेत्र अक्षाभोवती सगळीकडे सारखेच असते, म्हणून २९ अंश दक्षिणेवरचा भारत मादागास्करजवळ होता की ऑस्ट्रेलियाजवळ, हे बेसाल्टच्या नतीला आणि दिक्पाताला ठाऊक नसते. ते हिंदी महासागराच्या तळावरच्या चुंबकीय पट्ट्यांवरून ठरवतात, आणि तिथे भारताचा मार्ग जुळवून काढलेला अक्षांश दक्खनच्या अक्षांशाशी काही अंशांच्या आत जुळतो.